बुडालेला इसार आणि आयकराची नोटीस

अमरावती किंवा अकोल्यात घर अथवा प्लॉटचा सौदा ठरताना खरेदीदार जी आगाऊ रक्कम देतो, तिला इसार किंवा टोकन म्हणतात, आणि खरेदीदाराने माघार घेतल्यावर करारातील अटीनुसार विक्रेता ती परत न देता स्वतःकडे ठेवतो, तेव्हा ती जप्त झाली असे समजले जाते. मालमत्ता विकलीच गेली नाही, म्हणून या रकमेवर कर नाही, असा समज सर्वत्र आढळतो.

पण विवाह रद्द झाल्यावर मंगल कार्यालयाच्या मालकाकडे कार्यालयही राहते आणि आगाऊ रक्कमही. ती रक्कम त्याची कमाईच ठरते. इसाराचेही तसेच आहे.

कर नसल्याचा समज मात्र पूर्वी निराधार नव्हता, कारण तेव्हा आयकर कायदा, 1961 च्या कलम 51 नुसार जप्त रक्कम मालमत्तेच्या खरेदी किमतीतून वजा होई आणि कराचा प्रश्न पुढील विक्रीपर्यंत लांबे. 1 एप्रिल 2014 पासून जप्त झालेल्या इसारास मात्र कलम 56(2)(ix) लागू झाले, आणि तो ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ (पगार, व्यवसाय, भाडे वा भांडवली नफा यांत न बसणारी मिळकत) ठरला.

समजा, 12 लाखांना घेतलेल्या प्लॉटवर 3 लाखांचा इसार जप्त झाला. तर हे 3 लाख त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर बसतो, आणि पुढे विक्री झाल्यास मूळ किंमत 9 नव्हे, 12 लाखच धरली जाते.

विवरणपत्रात ही रक्कम न दिसल्यास अधिकारी नोटीस पाठवून खुलासा मागू शकतो. नोटीस म्हणजे दंड नव्हे, आणि उत्तरासोबत इसारपावती, बँकेतील नोंद व सौदा रद्द झाल्याचे पत्र जोडल्यास रक्कम कोणत्या वर्षी जप्त झाली, हे स्पष्ट होते.