घनसमीकरणाच्या मुळांची संख्या व विवेचक

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ (इ. स. ११५०) या ग्रंथात क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५ हे समीकरण आले आहे. दोन्ही बाजूंतून ६क्ष² + ८ वजा केल्यास (क्ष − २)³ = २७, म्हणून क्ष = ५. याखेरीज दुसरे वास्तव मूळ नाही, हे कशावरून?

वर्गपद नाहीसे केलेले समीकरण य³ + अ.य + ब = ० असे घेऊ; अ व ब वास्तव आहेत. अ ऋण असेल तर आलेखास दोन वळणबिंदू येतात, आणि तेथील मूल्यांचा गुणाकार ब² + ४अ³/२७ इतका भरतो. तो ऋण असल्यास एक वळण अक्षाच्या वर, दुसरे खाली. म्हणून आलेख अक्षास तीनदा छेदतो. धन असल्यास एकदाच. या गुणाकाराची −२७ पट म्हणजेच विवेचक, −४अ³ − २७ब². तो धन असता तीन भिन्न वास्तव मुळे, ऋण असता एकच. अ ऋण नसल्यास वळणे नसतात. तेव्हा विवेचक धन होऊच शकत नाही. विवेचक शून्य असल्यास मुळे वास्तवच, पण पुनरावृत्त.

प्रस्तुत उदाहरणात य = क्ष − २ घेता अ = ०, ब = −२७; विवेचक −१९६८३. अर्थात ५ हे एकमेव वास्तव मूळ होय. याउलट य³ − २१य + २० = ० याचा विवेचक ३७०४४ − १०८००, म्हणजे २६२४४ हा धन आहे; मुळे १, ४ व −५.

दशांश सहगुणक स्थूल असतील, तर शून्यासमीप विवेचकाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये.