तीन वड्या, तीन बीप

किराणा दुकानात बारकोडवर बिलं करायला सुरुवात होते, त्या सकाळी मालक कामगारांना चार शब्द सांगतो. बहुतेकदा ते यंत्र कसं धरायचं याबद्दल असतात, आणि तेवढं तासाभरात सगळ्यांना जमतंच. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराने मात्र शटर उघडण्याआधी काउंटरवर साबणाच्या तीन वड्या मांडल्या. चंदन, गुलाब, लिंबू. किंमत तिन्हींची सारखीच.

“पोरांनो, गिऱ्हाइकाने या तीन घेतल्या. घाईघाईत चंदनावरच तीनदा बीप केलंत तरी बिल बरोबर येईल. पण रॅकवर प्रत्येकी दहा होत्या, त्या आता नऊ-नऊ उरल्या. कॉम्प्युटर म्हणतो चंदन सात, बाकी दोन्ही दहा-दहा. दुपारी कुणी दहा गुलाबांची ऑर्डर दिली, तर स्क्रीन बघून आपण हो म्हणणार आणि भरायला गेलं की एक कमी. म्हणून जी वडी हातात, तिचाच बीप.

ऑर्डरचंही तसंच. भरली, निघाली, पोचली, ही बटणं कामाच्या मागून दाबायची, पुढून नाही. दुकानातून निघतानाच ‘पोचली’ दाबलंत, तर गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर पिशवी कुठे आहे हे मला कसं कळणार?”

मला हे भाषण अचूक वाटतं, कारण चूक नेमकी जिथे दिसत नाही तिथेच त्याने बोट ठेवलं. रकमेची चूक गिऱ्हाईक लगेच दाखवतं. साठ्याची चूक मात्र कित्येक आठवड्यांनी माल मोजताना सापडते, आणि तोवर ती कोणत्या बिलात झाली हे शोधणं जवळजवळ अशक्य असतं.

पुडा चुरगळून पट्ट्या वाचल्या जात नसतील, तर शेजारचा पुडा उचलून बीप करायचा मोह होतो. त्याऐवजी खालचे आकडे टाइप करावेत. ते सहसा 13 असतात. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो नंबर जुळत नाही आणि चूक तिथेच पकडता येते.

दुसरा गोंधळ भावाचा. पाकिटावरच्या या बारकोडमध्ये किंमत नसते, फक्त वस्तूचा नंबर असतो. भाव दुकानाच्या कॉम्प्युटरमधून येतो. कंपनीने एमआरपी वाढवली तरी नंबर बहुधा तोच राहतो. मग जुन्या भावाचे आणि नव्या भावाचे पुडे एकाच रॅकवर असले की यंत्राला फरक कळत नाही. चांगल्या प्रणालीत स्क्रीनवर दोन्ही भाव येतात, आणि पाकिटावर छापलेला भाव वाचून योग्य तो निवडणं हे काउंटरवरच्या माणसाचं काम.

छापील एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेणं कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा बिल हातात आलं की एखाद-दुसऱ्या पुड्यावरचा भाव त्याच्याशी ताडून पाहा, आणि फरक दिसला तर काउंटरवरच सांगा.