कुर्त्याचा रंग बदलताना कडेचं काय करायचं?

ऑनलाइन दुकानात एखादा कुर्ता लाल, मोरपंखी, जांभळा आणि मोहरी अशा चार रंगांत दिसतो. नीट पाहिलं तर चारही फोटोंत मॉडेलचा हात त्याच कोनात असतो, कापडाच्या चुण्या त्याच असतात आणि खांद्यावर सुटलेली केसांची बटही तीच असते. कारण फोटो एकाच कुर्त्याचा काढलेला असतो. बाकीचे रंग नंतर संगणकावर चढतात. रंग फिरवण्याचं काम मिनिटाभराचं आहे. वेळ जातो तो कडेवर, म्हणजे कापड जिथे संपतं आणि कातडी, केस किंवा मागचा पडदा सुरू होतो त्या चिंचोळ्या पट्टीवर.

हे काम मास्क वापरून होतं. मास्क म्हणजे रांगोळीचा छापच म्हणायचा: भोक असेल तिथे रंग पडतो, नसेल तिथे पडत नाही. फरक एवढाच, की संगणकाच्या मास्कला अर्धवट भोकंही असतात. मास्क हे मुळात एक काळं-पांढरं चित्र असतं. पांढऱ्या जागी नवा रंग पूर्ण लागतो, काळ्या जागी मुळीच लागत नाही आणि मधल्या करड्या जागी करडेपणाच्या प्रमाणात लागतो. नेहमीच्या फाइलमध्ये काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५. मास्क १२८ असेल तिथे साधारण अर्धा जुना आणि अर्धा नवा रंग दिसतो. आपलं सगळं काम या करड्या छटांचं आहे.

आता एक उदाहरण घेऊ. लाल कुर्ता मोरपंखी करायचा आहे. मागे फिकट करडा पडदा, गळा उघडा, उजव्या खांद्यावर मोकळे काळे केस आणि फोटोची उंची सुमारे ६००० पिक्सेल. फोटो ३०० टक्के मोठा करून गळ्याची कड पाहिली, की तिथे रेघ नाही हे लक्षात येतं. लाल रंग एकदम संपत नाही. दोन-तीन पिक्सेलमध्ये तो कातडीच्या रंगात मिसळत जातो. डावी बाही मागच्या बाजूला आहे आणि फोकसमधून थोडी सुटली आहे, तिथे हीच मिसळण आठ-दहा पिक्सेल रुंद भरते. फोटोतच कड अशी मऊ असताना मास्कची कड टोकदार ठेवली, तर नवा रंग वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

म्हणून मास्कची कड मऊ करतात, तिला फेदर करणं म्हणतात. फोटोशॉपमध्ये Select > Modify > Feather, तर जिंपमध्ये Select > Feather अशी ती आज्ञा मिळते. नवशिक्यांची गाडी अडते ती इथेच. फेदर फक्त बाहेर पसरत नाही, तो कडेच्या दोन्ही अंगांना पसरतो. बाहेर जेवढा करडेपणा येतो, तेवढाच आत कापडावरही येतो. आतला मास्क पांढऱ्याचा करडा झाला, की तिथला लाल पुरता जात नाही. मग मोरपंखी कुर्त्याला चहूबाजूंनी तांबूस-राखाडी किनार उरते. फेदर आणखी वाढवला तर ही किनार जात नाही, उलट रुंदावते.

यावर उपाय असा, की आधी मास्क बाहेरच्या बाजूला वाढवायचा आणि मग फेदर करायचा. त्यासाठी फोटोशॉपमध्ये Expand आहे, जिंपमध्ये Grow. मास्क थोडा बाहेर गेल्यामुळे फेदरचा आतला उतार कापडावर न पडता फोटोतल्या त्या मिसळत्या पट्टीवर पडतो. सुरुवातीला जेवढा फेदर तेवढंच वाढवणं हा चांगला अंदाज असतो. मात्र हेच आकडे सगळ्या कडेला लावले की काम बिघडतं, कारण कुर्त्याच्या कडेला एक नाही, तीन शेजारी आहेत.

पहिला शेजारी म्हणजे मागचा पडदा. याच्याशी जमवून घेणं सर्वांत सोपं. आपण Hue/Saturation वापरून फक्त रंगछटा फिरवत आहोत. करड्याला मुळात छटा नसते, त्यामुळे फिरवायलाही काही नसतं. मास्क पडद्यावर तीन-चार पिक्सेल गेला तरी तिथे मोरपंखी डाग पडत नाही. म्हणून पडद्याच्या बाजूला ३ पिक्सेल वाढवून २ पिक्सेल फेदर बिनधास्त द्यावा. मागे गेलेल्या मऊ बाहीला दोन्ही आकडे आणखी वाढवावे लागतात. एक पथ्य मात्र पाळायचं. लालाचा मोरपंखी केला की तो बहुधा जास्त उजळ दिसतो आणि थोडा गडद करावा लागतो. हे गडद करणं याच मास्कने केलं तर पडद्यावर कुर्त्याभोवती काळसर कडं उमटतं. त्यासाठी वेगळा थर आणि न वाढवलेला, घट्ट मास्क घ्यावा.

दुसरी शेजारीण म्हणजे कातडी, आणि ती काही खपवून घेत नाही. कातडीचा रंग नारिंगीकडे झुकणारा असतो, म्हणजे तिला छटा आहे. मास्क तिच्यावर सांडला की गळ्यावर हिरवट-निळसर झाक येते आणि ती कोणाच्याही नजरेत भरते. म्हणून गळ्याशी १ पिक्सेल वाढवणं आणि १ पिक्सेल फेदर, एवढंच पुरे. एवढं करूनही काहीतरी शिल्लक राहतं. कडेवरचा एखादा पिक्सेल फोटोतच अर्धा लाल आणि अर्धा कातडीचा असतो. तिथे मास्कही अर्धा असेल, तर त्या अर्ध्या लालातला निम्माच बदलतो आणि पाव हिस्सा लाल तसाच राहतो. हा पाव हिस्सा मास्कचे आकडे फिरवून काढता येत नाही. तो काढायला वर एक नवा थर घ्यायचा, त्याचा मोड Color ठेवायचा, शेजारच्या कातडीचा रंग उचलायचा आणि २०-३० टक्के जोराच्या मऊ ब्रशने कडेवरून हात फिरवायचा.

कातडीची आणखी एक गंमत आहे. लाल कापडावर पडलेला प्रकाश उसळून हनुवटीखाली आणि गळ्यावर लालसर झाक टाकतो. कुर्ता मोरपंखी झाला तरी ती झाक तशीच राहते, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी फोटो खोटा वाटतो. इथे मात्र भरपूर फेदर लागतो. गळ्याच्या त्या भागाला ४० ते ६० पिक्सेल फेदरचा वेगळा मास्क देऊन लाल थोडा उतरवायचा. त्यात मोरपंखी भरायला जायचं नाही.

वेगवेगळ्या जागी वेगवेगळे आकडे एकाच मास्कवर कसे लावायचे? फोटोशॉपमध्ये Alt दाबून मास्कवर क्लिक केलं की मास्क काळ्या-पांढऱ्या रूपात समोर येतो. लॅसोने पडद्याकडच्या कडेचा तुकडा निवडायचा. या निवडीलाही पंधरा-वीस पिक्सेल फेदर द्यायचा, नाहीतर दोन तुकडे जुळतात तिथे पायरी दिसते. मग Filter > Other > Maximum ने पांढरा भाग वाढवायचा आणि Gaussian Blur ने मऊ करायचा. हेच पुढे गळ्याशी छोट्या आकड्यांनी करायचं.

तिसरा शेजारी केस, आणि इथे फेदरचा उपयोग नाही. खांद्यावरून उतरलेला सुटा केस दोन-तीन पिक्सेल जाडीचा असतो. मास्कमधली त्याची काळी रेघ पाच पिक्सेल फेदर केली, तर ती आसपासच्या पांढऱ्यात विरघळते. केसाभोवतीचं कापड मात्र करडं होतं, म्हणजे अर्धवट लाल राहतं. मोरपंखी खांद्यावर केसांच्या जाळीतून लालसर धूर दिसू लागला, की केसांवर फेदर फिरलाय हे ओळखावं.

केसांचा मास्क हाताने रंगवत बसू नये. तो फोटोतच तयार असतो. Channels मध्ये लाल चॅनेल उघडला, की लाल कापड उजळ आणि काळे केस गडद दिसतात. या चॅनेलची प्रत काढायची आणि Levels ने केस काळ्याकडे व कापड पांढऱ्याकडे ढकलायचं. अगदी टोकापर्यंत ढकलायचं नाही, कारण केसाच्या कडेचा करडेपणा हाच आपल्याला हवा असलेला फेदर आहे आणि तो कॅमेऱ्यानेच दिलेला आहे. चुण्यांच्या सावल्याही काळ्या होतील, त्या पांढऱ्या ब्रशने भरून घ्यायच्या. मग Apply Image वापरून ही प्रत कपड्याच्या मास्कवर Multiply मोडने चढवायची, तीही फक्त खांद्याच्या भागात. इथे काही वाढवायचं नाही, मऊही करायचं नाही. काळ्या केसांना छटा फारशी नसते, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. रंगवलेल्या, तपकिरी केसांतून मात्र मागचा लाल झिरपतो. तिथे मास्क पूर्ण काळा न ठेवता हलका करडा ठेवला, तर तोही रंग थोडा बदलतो आणि केस कापडात बसतात.

काम झालं की डोळ्यांवर विसंबू नये. सर्वांत वर एक तात्पुरता Hue/Saturation थर टाकून संपृक्तता ८० पर्यंत न्यावी. उरलेला लाल आणि सांडलेला मोरपंखी दोन्ही भडकून समोर येतात. ते दुरुस्त करून थर काढून टाकावा. दुसरी गोष्ट आकाराची. ६००० पिक्सेलच्या फोटोवरचे ३ पिक्सेल, फोटो वेबसाइटसाठी १००० पिक्सेलचा केला की अर्धाच पिक्सेल उरतात. म्हणून हे काम मोठ्या फाइलवर करायचं आणि आकार शेवटी घटवायचा. छोट्या फोटोवर वरचे आकडे जसेच्या तसे लावले तर कड फसफशीत होईल.

काही कपड्यांना ही रीत लागू पडत नाही. पांढऱ्या आणि काळ्या कापडाला छटाच नसते, त्यामुळे फिरवायला काही नसतं. जरीच्या काठाला वेगळा मास्क लागतो, कारण साडीबरोबर जरही मोरपंखी होऊन चालत नाही. शिवाय कड कितीही बेमालूम जमली, तरी पडद्यावरचा मोरपंखी गिरणीतून येणाऱ्या मोरपंखीशी जुळेलच असं नाही. विकणाऱ्याने खऱ्या कापडाचा तुकडा शेजारी ठेवूनच रंग ठरवावा. घेणाऱ्याने चारही रंगांत केसांची बट तीच दिसली तर ग्राहकांनी टाकलेले फोटो आधी पाहावेत आणि मगच पैसे भरावेत.