मूंड आला की मुठीवर: विटी-दांडूचा हिशेब

दिवा जंक्शनच्या आसपास साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही जुनी गावे. चाळी आणि इमारती दाटण्याआधी इथे भातशेती होती. कापणी झाली की खाचरे मोकळी होतात, आणि विटी-दांडूला तेवढेच लागते: सपाट जमीन, एक गल, दोन लाकडे.

दांडू साधारण दोन फुटांचा, विटी पाचेक इंचांची, दोन्ही टोकांना निमुळती. बाभळीसारखे जड, चिवट लाकूड चांगले, कारण हलकी विटी हवेतच मरते. टोक बोथट असेल तर विटी उडत नाही, नुसती सरपटते.

गलीवर विटी आडवी ठेवून दांडूने ती पुढे कोलायची. समोरच्याने झेलली तर गडी बाद. नाही झेलली तर दांडू गलीवर आडवा ठेवायचा आणि समोरचा विटी पडली तिथून नेम धरतो. दांडूला लागली की बाद. चुकली तर गलीपासून विटीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. बऱ्याच ठिकाणी एका दांडूपेक्षा जवळ पडली तरी गडी बादच.

मोजणी एक-दोन-तीन अशी नसते. वकट, लेंड, मूंड, नाल अशी नावे घेत सातव्याला झकू येतो. गावागणिक उच्चार आणि क्रम थोडे बदलतात. समजा, विटी गलीपासून वीस फुटांवर पडली, म्हणजे दहा दांडू. सातव्याला एक झकू जमा झाला आणि पुढचे तीन मोजले की नाव येते मूंड. म्हणून पुढचा टोला मुठीवरून: डाव्या हाताच्या मुठीवर विटी आडवी ठेवायची, हलकेच वर उडवायची आणि खाली येताना दांडूने हाणायची. वकटाला पायाचा पंजा, आणखी कशाला डोळा, कोपर. डोळ्यावरून टोला मारताना भलेभले चुकतात. हा टोला झेलला नाही, तर पुन्हा नेम, पुन्हा मोजणी.

काही ठिकाणी जमिनीवरच्या विटीचे टोक टिपून ती उडवतात. तिथे जोर नको. अगदी टोकाशी हलका फटका बसला की विटी गरगरत कमरेएवढी उठते. मध्याकडे फटका बसला तर ती जागची हलत नाही. फार जोराने टिपली तर हाताबाहेर जाते. उठलेली विटी वर पोचून क्षणभर मंदावते, तीच टोल्याची वेळ. दांडू विटीच्या मध्यावर बसला तर ती सरळ जाते, टोकावर बसला तर वाकडी.

सर्वात मोठा धोका डोळ्यांना. म्हणून समोरच्यांनी टोल्याच्या अगदी जवळ उभे राहायचे नाही. चाळीच्या बोळात तेवढे अंतरच मिळत नाही, आणि पेव्हर ब्लॉकच्या फरशीत गल खणता येत नाही. मग मुले दोन विटा समोरासमोर मांडून त्यांवर विटी ठेवतात, आणि पहिली काच फुटेपर्यंत डाव चालतो.