एका सेमिस्टरसाठी एक पान

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना तिसऱ्या वर्षाचं एक सेमिस्टर परदेशी विद्यापीठात शिकायचं, तिथल्या परीक्षा द्यायच्या आणि परत येऊन पदवी आपल्याच कॉलेजातून घ्यायची, याला एक्स्चेंज सेमिस्टर म्हणतात. दोन संस्थांमध्ये करार असला, तर सहसा फी आपल्याकडेच भरायची असते. जागा मात्र मोजक्या असतात. त्यामुळे आधी आपलं कॉलेज मुलं निवडतं आणि मग यजमान विद्यापीठ त्या नावांवर शिक्कामोर्तब करतं. या दोन्ही टप्प्यांवर गुणपत्रिकेच्या जोडीला एक कागद वाचला जातो, तो म्हणजे मोटिव्हेशन लेटर. बहुतेक ठिकाणी ते ए-फोर आकाराच्या एका पानात बसवावं लागतं.

अनेक मुलांची पहिली गफलत या पत्राच्या जातीबद्दलच होते. एम.एस. किंवा एम.बी.ए.साठी लिहिलेला एखादा एसओपी मोठ्या भावंडाकडून मिळतो आणि त्याच साच्यात हे पत्र ओतलं जातं. पण एसओपी वाचणाऱ्याला या उमेदवाराला पदवीसाठी घ्यावं का, हे ठरवायचं असतं. एक्स्चेंजचं पत्र वाचणाऱ्यापुढचा प्रश्न लहान असतो, पण जास्त नेमका असतो. ही मुलगी चार-पाच महिन्यांत इथे नेमकं काय शिकणार, ते तिला घरी का शिकता येत नाही आणि परत गेल्यावर तिच्या पदवीत ते कुठे बसणार? जीवनध्येय, बालपणीची स्वप्नं, विद्यापीठाची जागतिक क्रमवारी यांतल्या कशानेही या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

एक उदाहरण धरू. कोल्हापूर भागातली एस.वाय.बी.कॉम.ची एक विद्यार्थिनी आहे. तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठात हिवाळी सेमिस्टरला जायचं आहे. तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात साधारण अशी असते: "मला लहानपणापासून वाणिज्य विषयाची आवड आहे. जर्मनी ही युरोपातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असून आपल्या नामांकित विद्यापीठात शिकल्यास माझं व्यक्तिमत्त्व घडेल." यात खोटं काही नाही. पण हीच वाक्यं तिच्या वर्गातला कोणीही लिहू शकेल आणि जर्मनीच्या जागी फ्रान्स घातलं तरी काही बिघडणार नाही. निवड समितीसमोर असे पन्नास कागद आले, तर पन्नासही सारखेच दिसतात.

आता तिला वेगळं विचारून पाहू. सुट्टीत काय केलंस? उत्तर येतं की मामा पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे आणि दोन महिने त्याच्याबरोबर वसुलीला जात होते. भाजीवाली, सलूनवाला, स्टेशनरीचं दुकान, प्रत्येकाकडून रोज पन्नास-शंभर रुपये घ्यायचे, हातातल्या मशिनवर पावती काढून द्यायची आणि संध्याकाळी भरणा करायचा. एका दुकानदारानं तिला विचारलं, "बुडाली तर पैसे कोण देणार?" मामाकडे या प्रश्नाचं नीट उत्तर नव्हतं.

खरं पत्र इथून सुरू होतं, कारण हा वाणिज्य शाखेचाच प्रश्न आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्था बँक नसते, म्हणून तिथल्या ठेवीला हे छत्र नाही. जर्मनीतल्या सहकारी बँकांनी वेगळी वाट धरली. एखादी बँक अडचणीत आली, तर इतर बँकांच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या निधीनं ती बँकच सावरायची, म्हणजे ठेवीदारापर्यंत झळ पोहोचतच नाही. ही व्यवस्था 1934 पासून चालू आहे. आपलं आणि तिथलं नातंही जुनं आहे. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेननं 1864 साली हेडेसडॉर्फ इथे शेतकऱ्यांची कर्जसंस्था उभी केली. मद्रास प्रांतातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जर्मन ग्रामीण पतसंस्थांचा अभ्यास करून अहवाल दिला आणि 1904 साली भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. म्हणजे या मुलीनं जर्मनी का निवडली, याचं कारण तिच्याकडे आहे. ते फक्त पत्रात उतरलेलं नाही.

पण इतिहासाचा हा सगळा पसारा पत्रात ओतायचा नसतो. समिती जर्मनीतली आहे, तिला रायफायझेन शिकवायची गरज नाही. नव्या मसुद्याचा पहिला परिच्छेद चार वाक्यांत आटोपतो: "गेल्या उन्हाळ्यात मी दोन महिने एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटबरोबर रोजच्या ठेवी गोळा केल्या. एका दुकानदारानं विचारलं, संस्था बुडाली तर पैसे कोण देणार. आमच्या राज्यात पतसंस्थांच्या ठेवींना बँकांसारखा विमा नाही. आपल्या देशातल्या सहकारी बँका एकमेकींना कशा सावरतात, हे मला बँकिंगच्या वर्गात बसून शिकायचं आहे." पत्र अर्थातच इंग्रजीत जाईल, पण मजकूर आधी असा आपल्या भाषेत ठरवला की इंग्रजीही साधं उतरतं.

दुसरा परिच्छेद विषयांचा. पत्र पडतं ते बहुधा इथेच, कारण त्यासाठी घरचा अभ्यास लागतो. विद्यापीठाच्या विषययादीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात. विषय एक्स्चेंजच्या मुलांना खुला आहे का, तो इंग्रजीत शिकवला जातो का आणि आपण जाणार त्याच सेमिस्टरला असतो का. उन्हाळी सेमिस्टरचा विषय हिवाळ्यात मागितला किंवा मास्टर्सचा विषय निवडला, की वाचणाऱ्याला लगेच कळतं की यादी वरवर चाळली आहे. मग पुढचं पत्र कितीही चांगलं असलं तरी त्याचं वजन जातं.

त्यानंतर क्रेडिटचा हिशेब. युरोपात पूर्ण सेमिस्टर 30 क्रेडिटचं धरतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार ते साधारण 20 ते 22 क्रेडिटचं असतं. तिथले किती म्हणजे इथले किती, हे आपलं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं, विद्यार्थ्यानं स्वतः गुणाकार करू नये. समजा, या मुलीनं सहा-सहा क्रेडिटचे पाच विषय घेतले. व्यवस्थापकीय लेखांकन आणि वित्त व्यवस्थापन हे दोन तिच्या तिसऱ्या वर्षाच्या विषयांशी जुळतात. बँकिंग आणि सहकारी संस्थांचं अर्थशास्त्र हे दोन तिच्या मूळ प्रश्नासाठी. पाचवा विषय प्राथमिक जर्मन. पत्रात पाचही विषयांची जंत्री नको. त्यातल्या दोघांबद्दल, तो विषय का घेतला, हे एकेका वाक्यात आलं की पुरे.

वाणिज्य शाखेची खरी अडचण मात्र पुढे आहे. भौतिकशास्त्र सगळीकडे सारखंच असतं, पण आपला बी.कॉम.चा बराच अभ्यास भारतीय कायद्याला बांधलेला आहे. जीएसटी, आयकर, 2013 चा कंपनी कायदा, 1872 चा करार कायदा यांना म्युनिक किंवा माद्रिदमध्ये पर्याय मिळणार नाही. हे पेपर परत येऊनच द्यावे लागतात. शिवाय वेळापत्रकही जुळत नाही. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरचे वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतरही रेंगाळतात. आपलं पाचवं सेमिस्टर तोवर संपलेलं असतं आणि सहावं निम्म्यावर आलेलं असतं. म्हणजे कागदावर एक सेमिस्टर असलं, तरी धक्का दोन सेमिस्टरांना बसतो.

ही गोष्ट पत्रात लपवली जाते, ती अशा समजुतीनं की अडचण सांगितली तर निवड होणार नाही. प्रत्यक्षात समितीला भीती असते ती अर्ध्यात अडकणाऱ्या विद्यार्थ्याची. म्हणून विभागप्रमुखांशी आधी बोलून घ्यावं आणि पत्रात सरळ लिहावं: "करविषयक पेपर मी परत आल्यावर देईन, सहाव्या सेमिस्टरचे चुकलेले वर्ग भरून काढण्याची व्यवस्था विभागप्रमुखांशी बोलून ठरवली आहे." अर्थात, ती खरोखर ठरवलेली असेल तरच. यजमान विद्यापीठ आपल्या कॉलेजकडे चौकशी करू शकतं आणि लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाच्या विषय-करारावर शेवटी कॉलेजची सही लागतेच. तिथे पत्रातला दावा उघडा पडला, तर नाचक्की मुलीचीही आणि कॉलेजचीही.

तिसरा परिच्छेद देण्याचा. एक्स्चेंज म्हणजे देवाणघेवाण, तेव्हा यजमान वर्गाला या मुलीकडून काय मिळणार? इथे भारतीय संस्कृती, योग आणि विविधतेत एकता यांवर गाडी घसरते. तिच्याकडे त्याहून चांगलं भांडवल आहे. रोज दारात येऊन पन्नास रुपये घेणारी बचत योजना कशी चालते, एजंटाचं कमिशन कसं ठरतं, लहान ठेवींवर मोठ्या मुदतीची कर्जं दिली की रोकड कुठे अडते, हे ती सेमिनारमध्ये मांडू शकते. तिथल्या बँकिंगच्या वर्गात हे क्वचितच कोणाला प्रत्यक्ष पाहायला मिळालेलं असेल.

गुणपत्रिकेत एखादी एटीकेटी असेल तर? ती समितीसमोर असतेच, लपत नाही. एका वाक्यात कारण आणि ती सुटल्याची तारीख द्यावी आणि पुढे जावं. दोन वाक्यं झाली की सबब वाटते. पैशांचंही तसंच. जर्मनीच्या व्हिसासाठी महिन्याला 992 युरोच्या हिशेबानं खर्चाची तरतूद दाखवावी लागते, पण त्याचे कागद वेगळे असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात घरची परिस्थिती विचारली असेल तर ती तिथेच सांगावी. या पानावर ती आणली, तर विषयांसाठीची जागा जाते.

शेवटचा परिच्छेद परतीचा. "जागतिक दर्जाची व्यावसायिक होईन" यापेक्षा "तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात आमच्या तालुक्यातल्या पतसंस्थांसाठी असा सामायिक निधी शक्य आहे का, हे तपासेन" हे वाक्य कितीतरी भारी पडतं, कारण ते तिच्या आवाक्यातलं आहे आणि वर्षभरात पडताळून पाहता येतं.

या मुलीच्या दोन मसुद्यांत इंग्रजी सारखंच होतं, गुणही तेच होते. फरक पडला तो माहितीनं, आणि ही माहिती गोळा करायला आठवडाभर पुरतो. म्हणून पत्र लिहायला बसण्यापूर्वी यजमान विद्यापीठाची त्या सेमिस्टरची विषययादी आणि आपल्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवा, कुठले पेपर जुळतात आणि कुठले परत येऊन द्यावे लागतील यावर खुणा करा आणि तो कागद घेऊन विभागप्रमुखांना भेटा. पत्राची पहिली ओळ त्यानंतर लिहा.