छाती ३६ म्हणजे नेमकं काय? – बॉडीसच्या मूळ खाक्याविषयी

आज आपण शिवणकामातला अगदी पहिला कागद हातात घेणार आहोत. ब्लाउज असो, कुर्ता असो की फ्रॉक, कापडाला कात्री लावण्याआधी खांद्यापासून कंबरेपर्यंतच्या अंगाचा जो साधा खाका ब्राउन पेपरवर काढतात, त्याला ‘बेसिक ब्लॉक’ म्हणतात. त्यात फॅशन नसते, शिलाईची माया नसते. फक्त शरीर असतं.

आता प्रश्न असा, की शरीर कागदावर येतं कसं? कागद सपाट, अंग गोलाईचं. पत्रावळीचं उदाहरण घ्या. पान सपाट असतं तोवर त्यात आमटी राहत नाही. तेच पान कडेला दुमडून काडी टोचली, की द्रोण होतो. दुमडल्याने खोली आली. कपड्यातला टक्स म्हणजे हीच दुमड. मग ती किती मोठी घ्यायची? बहुतेक चुका इथेच होतात, कारण बरेच जण सगळा खाका छातीच्या एका मापावरून काढतात.

आपण एक माप घेऊ. छाती ३६ इंच, कंबर ३०. खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून पाठीवरून कंबरेपर्यंत १५.५ इंच. त्याच टोकापासून पुढून, छातीच्या उंचवट्यावरून कंबरेपर्यंत १७ इंच. उंचवट्याचा बिंदू त्या टोकापासून १० इंच खाली, आणि दोन बिंदूंमधलं अंतर ७ इंच.

आधी मागचा भाग. छातीत २ इंच सैलपणा धरला की ३८ होतात, त्याचा चौथा हिस्सा ९.५. म्हणून ९.५ इंच रुंद आणि १५.५ इंच उंच चौकट काढायची. वरून ८ इंचांवर बगलेची आडवी रेघ. छातीचा सहावा भाग ६, त्यात २ मिळवले. त्या रेघेच्या वर गळा, खांदा आणि मुंढा येतो. खाली बाजूची शिलाई उरते ७.५ इंच.

पुढच्या भागाची रुंदी तीच, उंची मात्र १७. बगलेची रेघ इथेही ८ वर. मग बाजू उरली ९ इंच. पण ही बाजू मागच्या ७.५ इंचांना जोडायची आहे! जास्तीचा दीड इंच कुठे जाईल? तोच बाजूचा टक्स. बगलेखाली २ इंचांवर एक खूण, तिथून दीड इंच खाली दुसरी. दोन्हींपासून उंचवट्याच्या बिंदूकडे रेघा न्यायच्या आणि बिंदूच्या १ इंच अलीकडे मिळवायच्या.

कंबरेत सैलपणा धरून ३२, चौथा हिस्सा ८. छातीपाशी ९.५ आहेत, म्हणजे दीड इंच कमी करायचा. अर्धा इंच बाजूला, एक इंच उभ्या टक्समध्ये. पुढे आणि मागे तसंच.

आता दुसरी बाई घ्या. छाती ३६च, पण पाठ रुंद. तिची पुढची उंची १६ भरली. टक्स उरला अर्धा इंच. ३६ हा आकडा घेर सांगतो, तो घेर पुढे किती आणि मागे किती, हे सांगत नाही. या दुसरीच्या खाक्यावर पहिलीचा ब्लाउज शिवला, तर पुढून तो वर चढतो, उंचवट्यापासून बाजूच्या कंबरेकडे तिरप्या चुण्या पडतात, बाजूची शिलाई पुढे ओढली जाते. मग शिंपी काय करतो? बाजू उसवून सैल करतो. चुण्या तशाच राहतात, कारण कमतरता रुंदीची नसून लांबीची आहे. आणि बाईला वाटू लागतं, आपलं अंगच बेढब!

एक मर्यादा मात्र लक्षात घ्यायला हवी. पाठीला बाक असेल तर मागची उंची वाढते, समजा १६.५ होते. वजाबाकीने टक्स अर्ध्या इंचाचा निघतो, छाती तर पहिलीसारखीच आहे. इथे तिसरं माप साक्षीला बोलवायचं: बगलेच्या रेघेपासून कंबरेपर्यंत बाजूची उंची. ती ७.५च भरली, तर वाढलेला एक इंच बगलेच्या वरचा, बाकाचा आहे. मागची बगलेची रेघ ८ ऐवजी ९ वर घ्यायची, मुंढ्यात वाढलेली लांबी मागच्या खांद्यावरच्या छोट्या टक्सात घ्यायची, आणि पुढचा टक्स दीड इंचच ठेवायचा.

खाका झाला की टक्स दुमडून दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून बघा; लांबी जुळलीच पाहिजे. मग शिलाईची माया सोडून मांजरपाटावर कापा, कच्चा टाका घाला, अंगावर चढवा. कंबरेची रेघ चहूकडून जमिनीला समांतर दिसली आणि बाजूची शिलाई सरळ खाली उतरली, तर तो खाका जाड पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा. त्यावर नाव आणि तारीख घाला. अंग बदललं की मापं पुन्हा घ्यावी लागतात.