समीक्षकांना उत्तर पाठवण्याआधी

1936 साली अल्बर्ट आइनस्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी जर्नलकडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाकडे तपासायला दिला आणि दहा पानी आक्षेप आइनस्टाइन यांच्याकडे पाठवून त्यावर त्यांचे म्हणणे मागवले. आइनस्टाइन चिडले. निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी कुणा तज्ज्ञाला दाखवायला नव्हे. त्या अनामिक तज्ज्ञाच्या चुकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्याचे काही कारण दिसत नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी निबंध परत घेतला. तो तज्ज्ञ म्हणजे हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन, आणि त्यांचा मुख्य आक्षेप बरोबर होता. पुढे त्यांनी प्रिन्स्टनमध्ये आइनस्टाइन यांचे सहायक लिओपोल्ड इन्फेल्ड यांना गणितातली अडचण दाखवून दिली. 1937 मध्ये तो निबंध दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला, तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता.

आज कुठल्याही प्राध्यापकाला किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याला असे पत्र लिहून चालत नाही. निबंध पाठवला की काही महिन्यांनी संपादकाची ईमेल येते. ‘मेजर रिव्हिजन’ असा निर्णय असेल, तर खाली दोन-तीन समीक्षकांचे शेरे असतात. सुधारलेल्या निबंधासोबत प्रत्येक शेऱ्याला उत्तर देणारे पत्र जोडावे लागते. संपादक बहुधा आधी हे पत्र वाचतो, मग निबंध उघडतो. तरीही हे पत्र पाठवण्याआधी दुसऱ्या कुणी तपासावे, ही पद्धत आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. मुदतीच्या आदल्या रात्री ते लिहिले जाते आणि तसेच अपलोड होते.

तपासणी नेमकी कशी करायची, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 200 गर्भवती महिलांचा अभ्यास केला. लोहाच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या महिलांचे हिमोग्लोबिन इतरांपेक्षा सरासरी 0.9 ग्रॅमने जास्त आढळले. ‘नियमित गोळ्यांमुळे हिमोग्लोबिन वाढते’ असे त्यांनी लिहिले. दुसऱ्या समीक्षकाचा शेरा आला: ‘गोळ्या घेतल्या की नाही, हे फक्त महिलांना विचारून ठरवलेले दिसते. शिक्षण आणि उत्पन्न यांचा परिणाम वेगळा काढलेला नाही. शिवाय नमुना पुरेसा होता का, हे दाखवण्यासाठी आता हाती आलेल्या निकालांवरून अभ्यासाची ताकद मोजून द्यावी.’

लेखकांचे उत्तर असे होते: ‘मौल्यवान सूचनेबद्दल आम्ही समीक्षकांचे अत्यंत ऋणी आहोत. पान 4 वर स्पष्ट म्हटल्याप्रमाणे माहिती प्रमाणित प्रश्नावलीद्वारे घेतली आहे. निबंधात योग्य ते बदल केले आहेत.’

वरवर पाहता हे उत्तर सभ्य आणि पूर्ण वाटते. पण तपासणाऱ्याने लेखकांचे पत्र बाजूला ठेवून आधी संपादकाची मूळ ईमेल घ्यावी आणि त्यातली प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे मोजावी. या एका परिच्छेदात तीन मागण्या आहेत. उत्तर एकाचेच मिळाले, तेही अर्धवट. प्रश्नावली प्रमाणित असली, तरी सांगोवांगीच्या माहितीची अडचण तशीच राहते. पत्रातले बहुतेक राहिलेले मुद्दे असेच सापडतात: लांब शेऱ्याच्या मध्यात, ‘शिवाय’ किंवा ‘तसेच’ या शब्दांच्या मागे. म्हणून समीक्षकाचा मजकूर स्वतःच्या शब्दांत आटोपशीर न करता जसाच्या तसा उतरवावा, हवे तिथे त्याचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याखाली उत्तर लिहावे. आटोपशीर करताना नेमका अडचणीचा भाग गळतो.

त्यानंतर पत्र निबंधाशी ताडून पाहायचे. ‘योग्य ते बदल केले आहेत’ या वाक्यावर संपादकाला काहीच तपासता येत नाही. बदललेले वाक्य पत्रातच उद्धृत करावे आणि ओळ क्रमांक द्यावा. तो क्रमांक खुणा दाखवणाऱ्या प्रतीतला आहे की स्वच्छ प्रतीतला, हेही सांगावे, कारण दोन्हींत ओळी सरकतात. पत्रात कबूल केलेला बदल निबंधात झालेलाच नाही, असे अनेकदा घडते. एका लेखकाने पत्र लिहिले, दुसऱ्याने फाइल सुधारली आणि दोघांची गाठच पडली नाही.

सूर तपासताना आभारांपेक्षा एका वेगळ्या ठिकाणी लक्ष द्यावे. ‘स्पष्ट म्हटल्याप्रमाणे’, ‘समीक्षकांच्या लक्षात आलेले दिसत नाही’ असे शब्द सापडले, की तिथे राग मुरलेला असतो. विषय जाणणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट दिसली नाही, तर इतर वाचकांनाही ती दिसणार नाही. तिथे ‘हा मुद्दा पुरेसा ठळक नव्हता, आता तो पद्धतीच्या पहिल्या परिच्छेदात घेतला आहे’ एवढे पुरते. आभार सुरुवातीला एकदा मानावेत. प्रत्येक मुद्द्यावर ‘अत्यंत ऋणी’ लिहिले, की उत्तराऐवजी मनधरणी वाचल्यासारखे वाटते.

खरी कसोटी लागते ती मतभेदाच्या जागी. समीक्षकाची तिसरी मागणी संख्याशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहे. हाती आलेल्या निकालावरून अभ्यासाची ताकद मोजली, तर त्यातून नवे काहीच कळत नाही. पी-मूल्यात जे आधीच आहे, तेच दुसऱ्या आकड्यात दिसते. होएनिग आणि हेसी यांनी 2001 मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये हे सविस्तर दाखवले. तरीही पुष्कळ लेखक कटकट नको म्हणून तो आकडा देऊन टाकतात, नाहीतर तो मुद्दाच गाळतात. दोन्ही गैर आहे. ‘ही आकडेमोड आम्ही दिलेली नाही. तिचे कारण असे. नमुना पुरेसा होता का, ही आपली शंका मात्र रास्त आहे. म्हणून फरकासोबत त्याची विश्वास-मर्यादा दिली आहे,’ असे उत्तर द्यावे. नकार पहिल्या वाक्यात असावा, कारण पुढे, आणि समीक्षकाची मूळ शंका दुसऱ्या मार्गाने सोडवलेली असावी. ‘जागेअभावी’ किंवा ‘अभ्यासाच्या कक्षेबाहेर’ हे शब्द दिसले, तर तपासणाऱ्याने थेट विचारावे: खरे कारण हेच आहे का?

दुसरी मागणी मात्र बरोबर आहे, आणि तिथला प्रामाणिकपणा जास्त महागात पडतो. समजा, शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात घेतल्यावर 0.9 ग्रॅमचा फरक 0.4 वर आला. काही लेखक नवा तक्ता पुरवणीत ढकलतात आणि पत्रात ‘निष्कर्षाची दिशा कायम राहिली’ असे लिहितात. वाक्य खोटे नाही, पण अर्ध्याहून अधिक फरक नाहीसा झाला, हे ते झाकते. 0.4 हा आकडा पत्रात हवा, निबंधाच्या गोषवाऱ्यातही हवा, आणि ‘गोळ्यांमुळे वाढते’ ऐवजी ‘गोळ्या नियमित घेणाऱ्यांत जास्त आढळते’ असे व्हायला हवे. शीर्षक आणि गोषवारा जुनाच राहिला आहे का, हे तपासणाऱ्याने शेवटी पाहावे.

हे काम निबंधाचा लेखक नसलेल्या, पण विषय समजणाऱ्या सहकाऱ्याला द्यावे. एका दुपारीत ते होते. दोन समीक्षकांच्या मागण्या परस्परविरोधी असतील, तर कुठला मार्ग का निवडला, हे दोघांच्याही उत्तरांत आणि संपादकाला लिहिलेल्या मजकुरात सांगितले आहे का, हेही त्याने पाहावे.

ही पत्रे आता फाइलबंद राहत नाहीत. ‘एम्बो जर्नल’ 2009 पासून समीक्षेचा पत्रव्यवहार प्रसिद्ध करत आले आहे, आणि जून 2025 पासून ‘नेचर’कडे नव्याने येणारा जो संशोधन निबंध छापला जाईल, त्याच्यासोबत समीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरेही सर्वांना वाचायला खुली होतात.